नोनी ज्यूस आणि किडनीचा पेशंट: पोटॅशियमचा हिशोब मांडून बघू

नोनीची बाटली घरात येते ती सहसा मेडिकलमधून नाही, ओळखीतून येते. कुणाचा तरी साडू असतो, सोसायटीतल्या एखाद्या काकू असतात, नाहीतर ऑफिसातला एक जण जो आता साइडला "वेलनेस"चं काम करतो. बाटलीबरोबर एक लांबलचक मेसेज पण येतो आणि त्यात शुगर, बीपी, सांधेदुखी, थायरॉइड, कॅन्सर अशी यादी असते आणि त्या यादीत कुठेतरी मध्येच "किडनीचे विकार" पण असतं. बाकी यादीवर हसून सोडून देता येईल, पण हे किडनीचं नाव वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण ज्या माणसाने हा रस सगळ्यात आधी टाळायला हवा नेमका त्यालाच तो हौसेने पाजला जातो. का टाळायचा ते नीट हिशोब मांडून बघू, नुसतं "घेऊ नका" म्हटलं की कुणी ऐकत नाही हे माहितीये.

आधी नोनी म्हणजे काय ते थोडक्यात. हे झाड परदेशी वगैरे काही नाही, आपल्याकडे त्याला बारतोंडी किंवा आल म्हणतात आणि पूर्वी त्याच्या मुळांपासून कापडाचा लाल रंग काढायचे. फळ हिरवट, खडबडीत, बटाट्याएवढं, पिकलं की पांढुरकं आणि मऊ होतं आणि असा काही वास मारतं की बंद खोलीत ठेववत नाही. हवाई आणि आसपासच्या बेटांवर याची पानं दुखऱ्या भागावर बांधायचे, फळ दुष्काळात खायचे. रोज सकाळी उपाशीपोटी झाकणभर रस, हा प्रकार त्यामानाने नवा आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका कंपनीने ताहितीच्या नोनीचा रस चेन मार्केटिंगने विकायला सुरुवात केली आणि तिथून तो जगभर पोचला. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या चार राज्यांच्या सरकारी वकिलांनी त्या कंपनीला कॅन्सर-डायबेटिस बरा होतो असले दावे थांबवायला लावले. दावे मात्र अजून चालूच आहेत, फक्त आता ते व्हॉट्सॲपवर मराठीत येतात.

या सगळ्या दाव्यांच्या मुळाशी "झेरोनिन" नावाचा एक पदार्थ सांगितला जायचा, १९८५ च्या एका लेखातून आलेला. आजपर्यंत तो पदार्थ कुणी वेगळा काढून त्याची रचना दाखवलेली नाही. माणसांवरचे अभ्यास झालेत पण छोटे, आणि त्यातले बरेचसे विकणाऱ्यांच्याच पैशातून. हवाईमध्ये कॅन्सरच्या पेशंटना नोनीच्या कॅप्सूल देऊन बघितलं, गाठी काही कमी झाल्या नाहीत. म्हणजे फायद्याची बाजू जवळजवळ रिकामी आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे धोका किती हे बघताना समोर फायदा किती हे पण मांडावं लागतं.

आता मुद्द्यावर येऊ, पोटॅशियम.

पोटॅशियम वाईट नाही हे आधीच सांगतो. धडधाकट माणसाला ते भरपूर लागतं, जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्या माणसाने दिवसाला किमान ३५१० मिलीग्रॅम घ्यावं म्हणते, बीपीला बरं असतं. पण शरीर हे पोटॅशियम ठेवतं कुठे ते बघण्यासारखं आहे. जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेर म्हणजे रक्तात आणि पेशींच्या भोवतीच्या पाण्यात उरतं ते जेमतेम २ टक्के. पण हे बाहेरचं जे चिमूटभर आहे त्याच्यावर हृदयाचा ठोका अवलंबून असतो, म्हणून शरीर ते फार घट्ट पकडून ठेवतं. रिपोर्टमध्ये ३.५ ते ५ हा जो आकडा दिसतो तो याचाच. ५.५ च्या पुढे गेलं की डॉक्टर फोन करतात आणि ६.५ म्हणजे सरळ इमर्जन्सी.

जेवणातून आलेलं जादा पोटॅशियम बाहेर टाकायचं काम सुमारे ९० टक्के किडनी करते, बाकीचं शौचावाटे जातं. मोरीत नळ चालू आहे आणि जाळी स्वच्छ आहे तोवर नळ थोडा मोठा सोडला काय नि लहान सोडला काय, पाणी साचत नाही. जाळी तुंबलेली असेल तर तोच नळ तेवढाच सोडला तरी पाणी उंबऱ्यापर्यंत येतं. किडनीचं काम ३० टक्क्यांच्या खाली आलेल्या माणसाचं हे असं असतं. तो वेगळं काही जास्त खात नाही, फक्त जायची वाट अरुंद झालेली असते.

म्हणूनच किडनीच्या पेशंटला पथ्य देताना पहिल्यांदा शहाळं बंद करतात. शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात साधारण २५० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं, एक मोठं शहाळं प्यायलं तर ७००-८०० सहज पोटात जातं. पालेभाज्या आणि बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं, केळी नको, चिकू नको, सुकामेवा नको, टोमॅटो बेताने. घरातल्या बायकांना हे सगळं पाठ झालेलं असतं, पाणी ओतताना जीव तुटतो पण ओततात. आणि त्याच घरात सकाळी नोनीचं झाकण भरलं जातं, कारण शहाळं हे "खाणं" आणि नोनी हे "औषध" असं डोक्यात बसलेलं असतं. औषधात पोटॅशियम कुठून येईल!

२००० साली अमेरिकेतल्या किडनीच्या एका वैद्यकीय जर्नलमध्ये नेमकी हीच गोष्ट छापून आली. जुना किडनीचा आजार असलेला एक माणूस क्लिनिकमध्ये आला, रक्तात पोटॅशियम वाढलेलं. तो सांगत होता की मी कमी पोटॅशियमचं पथ्य पाळतोय. मग येतंय कुठून? खोदून विचारल्यावर कळलं की तो स्वतःच्या मनाने नोनी ज्यूस घेतोय. डॉक्टरांनी नोनी ज्यूसचे नमुने तपासले तेव्हा एका लीटरमध्ये ५६.३ मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम निघालं. हे माप डॉक्टरी आहे, आपल्या मापात सांगायचं तर एका लीटरला साधारण २२०० मिलीग्रॅम, म्हणजे संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाइतकंच. शहाळ्याच्याही फार मागे नाही.

या आकड्याची गंमत अशी की आपल्या शरीरात पेशींच्या बाहेर मोठ्या माणसाच्या अंगात साधारण १४ लीटर पाणी असतं आणि त्यात लीटरमागे ४ मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास पोटॅशियम, म्हणजे गुणाकार केला तर ५६. नोनीच्या एका लीटरच्या बाटलीत जेवढं पोटॅशियम आहे जवळजवळ तेवढंच तुमच्या रक्तात आणि पेशींबाहेरच्या सगळ्या पाण्यात मिळून असतं. अर्थात कुणी एका दमात बाटली पीत नाही आणि प्यायलं तरी बरंचसं पेशींच्या आत ओढलं जातं, पण पेशींबाहेरचा साठा किती छोटा आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आता इथे कुणी हुशार माणूस म्हणेल, अहो पण आम्ही एक लीटर कुठे पितो, ३० मिली तर पितो. बरोबर आहे. ३० मिलीत साधारण ६६ मिलीग्रॅम होतात. एका मध्यम केळ्यात ४०० च्या आसपास असतं. म्हणजे एक झाकण नोनी म्हणजे केळ्याचा सहावा हिस्सा. मी हे लपवत नाही, उगाच घाबरवण्यात अर्थ नसतो, आणि पेशंटला पण गणित येतं. एका झाकणाने कुणाचं हृदय बंद पडत नाही. मग एवढा आटापिटा कशासाठी? त्यासाठी एक माणूस डोळ्यासमोर धरू, खरा नाही, पण डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकड्यावर असे बरेच बसलेले असतात.

समजा काकांचं वय ६१, पंधरा वर्षांचा डायबेटिस, क्रिएटिनिन २.८, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० ची गोळी रोज. मागच्या महिन्यात पोटॅशियम ५.१, म्हणजे काठावर. डॉक्टरांनी सांगितलंय की दिवसाला २००० मिलीग्रॅमच्या आत राहा. काकू मन लावून करतात. चार चपात्या म्हणजे ४००-४५०, थोडा भात, वाटीभर पातळ वरण २८० च्या आसपास, दोन वेळची उकळून पाणी काढलेली भाजी मिळून ४००, चहा आणि दुधाचे ३००, थोडं ताक, एक सफरचंदाची फोड नाहीतर पपईचा तुकडा. गोळाबेरीज १८००-१९०० वर येते. म्हणजे सगळं नीट पाळून सुद्धा हातात शंभर-दीडशेच शिल्लक आहेत.

आता नोनी आली. बाटलीवर ३० मिली दोनदा लिहिलंय, म्हणजे १३२ झाले, शिल्लक संपली. आठ दिवसांनी देणाऱ्याचा फोन येतो, कसं वाटतंय? फरक नाही वाटत? मग डोस वाढवा, तुमचं शरीर अजून "स्वच्छ होतंय", ५० मिली तीनदा घ्या. झाले ३३०. मुंबईहून आलेल्या भाचीने सांगितलं की बीपी आहे ना मग साधं मीठ नको, लो सोडियम मीठ आणा. लो सोडियम मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, समजा त्यात ते १५ टक्के आहे आणि काकांच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅम मीठ जातं, तर त्यातून आणखी ३९० मिलीग्रॅम आले. दोन्ही मिळून सातशेच्या वर. आणि या दोन्ही गोष्टी पथ्याच्या वहीत कुठेच लिहिलेल्या नाहीत कारण एक औषध आहे नि दुसरं मीठ.

त्यात टेल्मिसार्टन. ही गोळी चांगली आहे, किडनीला जपते, ती स्वतःहून बंद करायची नाही हे आधी सांगून ठेवतो. पण तिच्यामुळे किडनी पोटॅशियम थोडं कमी बाहेर टाकते. लोसार्टन, रामीप्रिल, एनालाप्रिल यांचं तसंच, आणि हार्टच्या पेशंटना देतात ती स्पायरोनोलॅक्टोन तर या बाबतीत आणखी पुढे. डायबेटिसमुळे पेशींच्या आत पोटॅशियम ओढून घ्यायचं काम पण मंदावलेलं असतं. म्हणजे बाहेर जायची वाट अरुंद, आत ओढायची ताकद कमी, आणि वरून रोजचे सातशे जादा. नोनी एकटी दोषी नाही, पण या सगळ्यात सहज काढून टाकता येईल अशी आणि काढल्यावर काहीच नुकसान नाही अशी गोष्ट तीच आहे. चपाती बंद करता येत नाही, गोळी बंद करता येत नाही, नोनी करता येते.

वाढलेलं पोटॅशियम बऱ्याचदा काही जाणवू देत नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. कुणाला पायात जीव नसल्यासारखं होतं, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, कुणाला छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं होतं, पण ही लक्षणं म्हाताऱ्या डायबेटिक माणसाला तशीही असतात त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. कळतं ते रक्त तपासल्यावर किंवा ईसीजीवर. ईसीजीच्या पट्टीवर प्रत्येक ठोक्यामागे एक बुटका गोलसर उंचवटा असतो, त्याला टी वेव्ह म्हणतात, पोटॅशियम चढलं की तो उंच, निमुळता, टोकदार होतो, तंबू ठोकल्यासारखा. आणखी चढलं की ठोक्याची मुख्य रेघच पसरट व्हायला लागते आणि तिथून पुढे हृदय कधीही बंद पडू शकतं. उलट असंही होतं की पोटॅशियम भरपूर वाढलंय आणि ईसीजी मात्र ठीक दिसतोय, म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबत नाहीत.

एक गोष्ट मात्र इथे सांगायला हवी. रिपोर्टमध्ये पोटॅशियम अचानक ६ च्या वर दिसलं म्हणजे दर वेळी खरंच वाढलेलं असतं असं नाही. रक्त काढताना दंडाला पट्टा जास्त वेळ घट्ट बांधला, मूठ सारखी उघडझाप करायला लावली, किंवा नमुना लॅबला पोचेपर्यंत लाल पेशी फुटल्या तर पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. लॅबवाले रिपोर्टवर "सॅम्पल हेमोलाइज्ड" असा शेरा मारतात तो याच्यासाठी. डॉक्टर मग पुन्हा रक्त काढतात, सोबत ईसीजी काढतात. पण किडनीच्या पेशंटच्या बाबतीत हा शेरा स्वतःच वाचून "लॅबचीच चूक असेल" म्हणत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी रिपीट करायचं.

खरंच वाढलेलं निघालं तर हॉस्पिटलमध्ये आधी शिरेतून कॅल्शियम देतात, त्याने पोटॅशियम कमी होत नाही, फक्त हृदयाला तेवढ्यापुरतं संरक्षण मिळतं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज एकत्र देतात, नेब्युलायझरवर सालब्युटॅमॉल देतात, त्याने पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं, पण ते काही तासांसाठीच. शेवटी ते शरीराबाहेर काढावंच लागतं, लघवीवाटे, पोटात घ्यायच्या पावडरने किंवा डायलिसिसने. आणि हे सगळं एका अशा रसासाठी ज्याने काय होतं ते कुणी धड सांगू शकत नाही!

डायलिसिसवर असलेल्यांचं तर आणखी वेगळं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असलं तर एक गॅप दोन दिवसांच्या जागी तीन दिवसांची पडते, आणि त्या लांब गॅपच्या शेवटी पोटॅशियम सगळ्यात वर असतं. त्यात अनेकांची लघवी बंद झालेली असते, म्हणजे आत गेलेलं दोन डायलिसिसच्या मध्ये जायला जवळजवळ जागाच नाही, वर पाणी पण मोजून प्यायचं असतं त्यात हा रस धरलेला नसतो. अशा माणसाला "थोडंसं चालेल का" असं विचारलं तर माझं उत्तर नाही असंच आहे, थोडंसं सुद्धा नाही.

आता लिव्हर. इथे प्रकरण पोटॅशियमसारखं सरळ गणिताचं नाही, म्हणून जरा सांभाळून सांगतो.

२००५ मध्ये ऑस्ट्रियामधून नोनीनंतर लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापून आल्या. त्यातल्या ग्राझ शहरातल्या दोन जास्त बोलक्या आहेत. एक २९ वर्षांचा तरुण, त्याला आधी पॅरासिटामॉलच्या कमी डोसनेसुद्धा लिव्हरला सूज येऊन गेली होती. त्याने तीन आठवड्यांत दीड लीटर नोनी ज्यूस घेतला, म्हणजे दिवसाला साधारण ७० मिली. लिव्हर निकामी व्हायला लागलं आणि तातडीने ट्रान्सप्लांट करावं लागलं. दुसरी ६२ वर्षांची बाई, आधी लिव्हरचा काहीच त्रास नाही, तीन महिन्यांत दोन लीटर घेतला, म्हणजे दिवसाला २०-२२ मिली, बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा कमीच. तिला हिपॅटायटिस झाला पण तो आपोआप उतरला. त्याच वर्षी ४५ वर्षांच्या एका माणसाची पण केस आली, लिव्हरचे एन्झाइम खूप वाढलेले, नोनी बंद केल्यावर खाली आले. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतून १४ वर्षांच्या एका मुलाची आली.

यावरून नोनीने लिव्हर जातंच असं म्हणायचं का? नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००६ मध्ये या केसेस तपासल्या आणि सांगितलं की नोनी ज्यूसनेच हे झालं असा पटण्यासारखा पुरावा नाही. संशय अँथ्राक्विनोन नावाच्या रसायनांवर आहे, ती मुळांत आणि पानांत असतात, नुसत्या गराच्या रसात अगदी कमी. म्हणजे लाखो लोक पितात आणि मोजक्या केसेस आहेत हे खरं. पण अशी इजा डोसवर चालत नाही, ज्याच्या शरीराला तो पदार्थ मानवत नाही त्यालाच होते, आणि तो माणूस कोण हे आधी कळायची सोय नाही. वरच्या दोघांमध्ये कमी-जास्त डोसचा फरक बघा, आणि त्या बाईला आधी काहीच आजार नव्हता हे पण बघा.

आपल्याकडे अशी केस सापडणं आणखी अवघड. माणूस गळून जातो, भूक जाते, मळमळतं, लघवी गडद पिवळी होते, मग डोळे पिवळे दिसतात. घरचे म्हणतात कावीळ झाली, बाहेरचं पाणी प्यायला असेल. ते पटतं पण, कारण हिपॅटायटिस ए आणि ई आपल्याकडे भरपूर आहेत. लिव्हरची एसजीपीटी टेस्ट करतात, ४० च्या आत असायला हवं ते हजारात निघतं. खरं तर मग ए, बी, सी, ई सगळ्यांच्या टेस्ट, सोनोग्राफी, ऑटोइम्यून टेस्ट हे करून एकेक कारण बाद करत जायचं असतं आणि सोबत "गेल्या तीन महिन्यांत काय काय घेतलं" हे विचारायचं असतं. तिथेच गाडी अडकते. डॉक्टर विचारतात औषधं कुठली चालू, पेशंट गोळ्या सांगतो, रस सांगत नाही. उलट कावीळ झाली म्हणून "लिव्हर साफ करायला" तोच रस वाढवला जातो, याच्यासारखं उफराटं काही नसेल. बंद केल्यावर काही आठवड्यांत एसजीपीटी झरझर निम्म्यावर येत गेलं तर संशय पक्का होतो. पुन्हा घेऊन बघायचं नसतं, दुसऱ्या वेळी इजा जास्त होऊ शकते.

"नैसर्गिक आहे, काय होणार" हे वाक्य मुंबईतल्या लोकांनी तरी आता म्हणू नये. कोविडच्या काळात काढ्यात गुळवेल सगळ्यांनी घेतली आणि २०२० च्या शेवटच्या काही महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट सापडले, पुढच्या वर्षी ते छापून आलं. त्यावर वाद झाला, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण लिव्हरचे डॉक्टर तेव्हापासून गुळवेलीबद्दल आवर्जून विचारतात. नोनीबद्दल पण विचारायला हवं.

आणि आपल्या बाजारातल्या बाटलीत नुसती नोनी असते असं कुठे आहे. घटक वाचले तर नोनीबरोबर गार्सिनिया, अश्वगंधा, आवळा, अजून दोन-तीन नावं दिसतात. गार्सिनिया आणि अश्वगंधा या दोघांच्या नावावर स्वतंत्रपणे लिव्हरच्या इजेच्या केसेस आहेत. म्हणजे तो मिश्रणाचा रस पिऊन काही झालं तर कोणामुळे झालं हे देव जाणे. नोनीचा कॉन्सन्ट्रेट असेल तर पोटॅशियमचा वरचा हिशोब पण चालत नाही, घट्ट केलेल्या रसात ते तेवढ्याच पटीत वाढलेलं असणार.

मग लेबलवर पोटॅशियम बघून ठरवावं का? बघा, सापडलं तर. आपल्याकडे पाकिटावर एनर्जी, प्रोटीन, साखर, फॅट, सोडियम हे लिहायची सक्ती आहे, पोटॅशियमची नाही. अमेरिकेत ते आता लिहावं लागतं. त्यामुळे इथल्या बाटलीवर सोडियम १० मिलीग्रॅम असं ठसठशीत दिसतं आणि बीपीवाला माणूस खूश होतो. न्यूट्रास्युटिकल म्हणून विकत असतील तर "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापणं बंधनकारक आहे, ते बहुतेक वेळा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. पुढच्या वेळी कुणी बाटली घेऊन आलं की फक्त ती ओळ शोधून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, भांडायची गरज पडत नाही.

आता ज्यांच्या घरी हा रस आधीपासून चालू आहे त्यांनी काय करायचं. किडनीचा पेशंट असेल तर आजपासून बंद, हळूहळू कमी करत जायची काही गरज नाही, ही काही सवयीची गोळी नाही. दोन-तीन दिवसांत पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि लिव्हरची टेस्ट करून घ्या, धडधड किंवा पाय एकदम गळाल्यासारखे वाटत असतील तर दोन-तीन दिवस नाही, लगेच जा. जाताना बाटलीच बरोबर न्या किंवा घटकांच्या बाजूचा फोटो काढून ठेवा, नुसतं "काहीतरी आयुर्वेदिक घेत होते" यावरून डॉक्टरला काही कळत नाही. आणि नेफ्रॉलॉजिस्टने बीपीची गोळी बदलण्याआधी त्यांना हे माहीत असायला हवं, नाहीतर रसामुळे वाढलेल्या पोटॅशियमसाठी चांगली चाललेली गोळी उगाच काढली जाते. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन चालू असलेल्यांनी पण सांगा, नोनीमुळे तिचा परिणाम उतरल्याची केस छापलेली आहे.

किडनी ट्रान्सप्लांट झालेले लोक कधीकधी म्हणतात की आता आमची किडनी चांगली आहे, पथ्य सुटलं, आता चालेल. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून त्यांना रोज टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घ्यावी लागते आणि या दोन्ही गोळ्या स्वतःच पोटॅशियम वाढवतात, क्रिएटिनिन १.२ असलं तरी. शिवाय त्यांची लिव्हरची टेस्ट बिघडली की डॉक्टरांना आधी गोळ्यांचा, मग व्हायरसचा संशय घ्यावा लागतो, टेस्टवर टेस्ट होतात, डोस खालीवर होतात आणि डोस खालीवर झाला की नवी किडनी धोक्यात येते. त्यामुळे त्यांनी नोनीच काय, कुठलाही रस, काढा, चूर्ण ट्रान्सप्लांटच्या टीमला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.